संकष्टीचा चंद्र आणि फोटोतली पांढरी टिकली

संकष्टीच्या रात्री नऊ वाजून गेले की आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवर वर्दळ सुरू होते. चंद्र पूर्वेला, ऐरोलीच्या दिव्यांच्या वर उगवतो. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात फुलं, आणि हल्ली सगळ्यांच्याच हातात फोन. चंद्र दिसला की आधी हात जोडायचे, मग फोटो काढायचा आणि मग खाली जाऊन मोदक. त्या फोटोत मात्र दर महिन्याला तेच: काळ्या आभाळात एक पांढरी टिकली, भोवती थोडा धूसर प्रकाश. मागच्या खेपेला शेजारच्या काकूंनी फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "अरे, डोळ्यांना डाग स्वच्छ दिसतायत. मग ह्याला का दिसत नाहीत?"

काकूंना जे गच्चीवर उभ्या उभ्या सांगितलं आणि करून दाखवलं, तेच इथे जरा नीट लिहितोय. उदाहरण संकष्टीच्या चंद्राचंच घेतो. तो ठरलेल्या दिवशी येतो, त्याची वाट पाहायची आपल्याला सवय आहे, आणि फोटोच्या दृष्टीने तो पौर्णिमेपेक्षा चांगला असतो. का, ते पुढे येईलच.

रात्र आपल्याकडे, चंद्रावर ऊन

सगळी गडबड एका गैरसमजातून होते. रात्रीचा फोटो म्हणून आपण नाइट मोड लावतो, पण चंद्र अंधारात नसतो. त्याचा जो भाग आपल्याला दिसतो तिथे लख्ख ऊन पडलेलं असतं. आपण भर दुपारच्या उन्हातल्या दगडाचा फोटो काढतोय, फक्त तो दगड लांब आहे. आणि दगडही काही चुन्यासारखा पांढरा नाही. चंद्राची जमीन स्वतःवर पडणाऱ्या प्रकाशातला सरासरी बारा टक्केच प्रकाश परत फेकते, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याच्या जवळपास. काळ्या आभाळापुढे तो चांदीसारखा वाटतो इतकंच.

फोनला हे कळत नाही. तो चौकटीतला उजेड मोजतो. चौकटीत नव्वद-पंच्याण्णव टक्के काळं आभाळ असेल, तर त्याला वाटतं की खूपच अंधार आहे. मग तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनक्षमता, वाढवतो. आभाळ किंचित राखाडी होतं आणि चंद्र जळून जातो. एकदा तो भाग पूर्ण पांढरा झाला की तिथे माहितीच उरत नाही. नंतर एडिटिंगमध्ये ब्राइटनेस कितीही कमी करा, पांढऱ्या टिकलीची राखाडी टिकली होते; डाग परत येत नाहीत.

आकडा सांगितला तर पटेल. त्या रात्री मी माझ्या फोनच्या टेलिफोटो, म्हणजे लांबचं मोठं दाखवणाऱ्या, लेन्सने आधी मुद्दाम ऑटोवर फोटो काढला आणि फोटोच्या माहितीत पाहिलं: शटर १/१५ सेकंद, आयएसओ १२५०. त्याच लेन्सने त्याच चंद्राचा नीट आलेला फोटो होता १/१२५ सेकंद आणि आयएसओ ५० वर. शटरमधला फरक आठ पटींचा, आयएसओमधला पंचवीस पटींचा. म्हणजे ऑटोने चंद्राला हवा त्याच्या दोनशे पट प्रकाश दिला होता.

जुन्या फिल्मवाल्या फोटोग्राफरांचा ह्यासाठी एक नियम आहे, लूनी इलेव्हन. पूर्ण चंद्र असेल तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक, एफ/११ ठेवायचं आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं: आयएसओ १०० तर १/१००, आयएसओ २०० तर १/२००. संकष्टीचा चंद्र साधारण नव्वद टक्के उजळलेला असतो, पण त्याची जमीन पौर्णिमेइतकी चमकत नाही. ऊन तिरकं पडायला लागतं आणि खड्ड्या-डोंगरांच्या सावल्या दिसू लागतात. त्यामुळे नियमापेक्षा दुप्पट प्रकाश द्यावा लागतो, म्हणजे एक स्टॉप जास्त. अष्टमीच्या अर्ध्या चंद्राला दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट. चंद्र जेवढा बारीक तेवढं शटर सावकाश, हे लक्षात राहिलं तरी पुरे.

आधी फोनवर

प्रो मोड नसेल तरी काम होतं. कॅमेरा उघडा, नाइट मोड बंद करा, फ्लॅश बंद करा. झूम करून चंद्र मधोमध आणा. मग चंद्रावरच बोट ठेवून दोन-तीन सेकंद दाबून धरा, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते, दोन्ही तिथे लॉक होतात. आयफोनवर तशी पिवळी पाटी वर येते. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह दिसतं. शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येईल, ते बोटाने खाली ओढा. आभाळ काळंकुट्ट होईल, खालच्या इमारती दिसेनाशा होतील आणि चंद्रावर राखाडी डाग उमटतील. तिथेच थांबायचं. इमारती गेल्या म्हणून बहुतेक जण घाबरून पुन्हा वर ओढतात, आणि टिकली परत येते.

प्रो मोड असेल तर काम जास्त पक्कं होतं. आयएसओ सगळ्यात कमी, ५० किंवा १००. शटर १/१२५ पासून सुरुवात. फोकस मॅन्युअल करून डोंगराच्या चिन्हाकडे न्या, मग स्क्रीनवर बघत थोडं मागे-पुढे करा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ५२०० च्या आसपास, उन्हाचा. चंद्रावर ऊनच आहे, तर तोच बरोबर. ऑटोवर ठेवलात तर एका फोटोत चंद्र निळसर आणि दुसऱ्यात पिवळा येतो. एक फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा. डाग फिके वाटले तर शटर १/२५०, चंद्र मळकट वाटला तर १/६०.

आता एक गोष्ट, जी मला बराच काळ लक्षात आली नव्हती. तुम्ही पाच पट झूमचं बटण दाबलं म्हणजे फोन टेलिफोटो लेन्सच वापरेल असं नाही. उजेड कमी आहे असं वाटलं की बरेच फोन गुपचूप मुख्य लेन्सवर जातात आणि तेच चित्र कापून मोठं करून दाखवतात. तपासायचा उपाय सोपा आहे: झूम लावून मागच्या लेन्सवर एकेक करून बोट ठेवा. ज्या लेन्सवर बोट ठेवल्यावर स्क्रीन काळी होईल ती चालू आहे. मुख्य लेन्स निघाली तर आधी सांगितल्याप्रमाणे चंद्रावर एक्स्पोजर खाली आणा आणि पुन्हा तपासा, नाहीतर प्रो मोडमधून टेलिफोटो स्वतः निवडा.

एवढा आटापिटा कशाला, तर चंद्र आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार लहान आहे. आभाळात तो जेमतेम अर्धा अंश जागा घेतो. हात लांब करून करंगळी धरली तर नखाआड सहज लपतो. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत मुख्य लेन्सने तो सुमारे पंचवीस पिक्सेल रुंद येतो. पंचवीस पिक्सेलांत डाग कुठून दिसणार? पाच पटींच्या खऱ्या टेलिफोटोने तो सव्वाशे पिक्सेलच्या आसपास जातो, आणि मग मोठे काळे भाग, ज्यांना आपण ससा म्हणतो, ते ओळखू येतात. त्याच्या पुढचं डिजिटल झूम नुसतं ताणणं आहे. स्क्रीनवर फोकस करायला सोपं जातं म्हणून वापरा, पण त्यातून नवा तपशील मिळत नाही. तुमच्या फोनला टेलिफोटो नसेल तर पांढरी टिकली टाळता येईल, एक छोटा, स्वच्छ, किंचित डागाळलेला चंद्र मिळेल. त्यापेक्षा जास्त मिळणार नाही.

काही फोन मात्र चौकटीत चंद्र आहे हे ओळखतात आणि तपशील स्वतःच्या पदरचा घालतात. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते, त्यामुळे हे शक्य होतं. सीन ओळखण्याची सेटिंग बंद करून, प्रो मोडमध्ये तोच फोटो पुन्हा काढा. दुसऱ्या फोटोत तपशील एकदम गायब झाला, तर पहिल्यातला तुमच्या लेन्सने आणला नव्हता. ते वापरायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मी बंद ठेवतो.

हातात धरून झूमचा फोटो काढू नका. ट्रायपॉड नसेल तर स्वयंपाकघरातली किलोभर तांदळाची पिशवी घ्या, गच्चीच्या कठड्यावर ठेवा, फोन तिच्यात रुतवा आणि टायमर तीन सेकंदांवर लावा. बटण दाबताना बसणारा धक्का तेवढ्यात विरतो. आणि फोन कठड्याच्या आतल्या बाजूला ठेवा, हे सांगायला नको.

टेलिफोटो लेन्स असेल तर

लेन्स किती मिलिमीटरची त्याला ११० ने भागा. चंद्र सेन्सरवर साधारण तितके मिलिमीटर रुंद पडतो. ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर पावणेतीन मिलिमीटर. ऐकायला कमी वाटतं, पण साध्या क्रॉप, म्हणजे थोड्या लहान, सेन्सरच्या चोवीस मेगापिक्सेल कॅमेऱ्यावर ते सातशेच्या आसपास पिक्सेल होतात, म्हणजे फोनच्या पाच-सहा पट. ७०-३०० सारखी मध्यम किमतीची लेन्स ह्याला पुरते. बाकीची चौकट रिकामीच राहणार, ती नंतर कापायची.

कॅमेरा मॅन्युअल मोडवर, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. ॲपर्चर एफ/८, कारण अशा लेन्स पूर्ण उघड्या असताना थोड्या मऊ असतात. त्या रात्रीचा हिशोब असा: आयएसओ २०० ला एफ/११ वर नियम सांगतो १/२००. एफ/८ वर जवळपास दुप्पट प्रकाश येतो, म्हणून १/४००. संकष्टी म्हणून एक स्टॉप: १/२००. मुंबईची हवा म्हणून आणखी एक: १/१००. फोटो काढला, मागच्या स्क्रीनवर जळलेल्या भागाची लुकलुकणारी सूचना चालू केली, काहीच लुकलुकलं नाही. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणाऱ्या उजेडाच्या आलेखात, बहुतेक सगळं डावीकडे, ते आभाळ. आणि उजव्या बाजूला एक छोटा उंचवटा, तो चंद्र. हा उंचवटा उजव्या भिंतीला टेकता कामा नये, पण मधल्या रेषेच्या डावीकडेही नको. एवढंच बघायचं.

फोकसची गंमत अशी की लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवला की फसायला होतं. बऱ्याच लेन्स त्या खुणेच्याही थोड्या पुढे फिरतात. लाइव्ह व्ह्यू चालू करून चित्र दहा पट मोठं करा आणि चंद्राची उजेड-अंधाराची कड शोधा. संकष्टीला ती कुठे असते ते आधी माहीत असलेलं बरं: आपल्याकडे चंद्र पूर्वेला उगवतो तेव्हा त्याची खाल्ली गेलेली बाजू वर असते. गोल पेढ्याचा वरचा भाग कुणी बोटाने दाबल्यासारखा. त्या कडेवर खड्ड्यांच्या सावल्या असतात. फोकस रिंग हळूहळू फिरवत जा. सावल्या काळ्या आणि बारीक होतील, मग पुन्हा फुगायला लागतील. जिथे सर्वांत बारीक होत्या तिथे परत या आणि रिंगला हात लावू नका.

पौर्णिमेला नेमक्या ह्याच सावल्या नसतात. ऊन आपल्या पाठीमागून सरळ पडतं, सावली खड्ड्याच्या आड लपते आणि चंद्र सपाट थाळीसारखा दिसतो. कोजागिरीला दूध आटेपर्यंत काढलेले माझे सगळे फोटो नीट एक्स्पोज झालेत आणि सगळे कंटाळवाणे आहेत. संकष्टीला वरच्या कडेकडे पाहा: पौर्णिमेला तिथे एक वेगळा, लंबगोल काळा डाग असतो, मारे क्रिसियम. संकष्टीपर्यंत तो अंधारात बुडालेला असतो किंवा बुडण्याच्या बेतात असतो. पौर्णिमेचा आणि संकष्टीचा फोटो शेजारी ठेवला की चंद्रावरची संध्याकाळ कशी पुढे सरकते ते कळतं.

ट्रायपॉडवर लेन्सची स्टॅबिलायझेशन बंद करा. काही जुन्या लेन्स स्थिर असताना उलट स्वतःच थरथरतात. टायमर दोन सेकंद. चंद्र सरकतो ह्याची फार चिंता नको: स्वतःच्या रुंदीइतकं अंतर कापायला त्याला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे १/६० च्या वरचं शटर पुरेसं आहे. चौकटीत मात्र तो पुन्हा पुन्हा मधोमध आणावा लागतो.

मुंबईची हवा

मी सांगितलेले आकडे चंद्र पुरेसा वर आल्यावरचे आहेत. उगवल्या उगवल्या तो तांबूस-पिवळा असतो, कारण त्याचा प्रकाश कितीतरी जास्त हवेतून, धुळीतून आणि बाष्पातून येतो. क्षितिजापासून दहा अंशांवर असताना दोन स्टॉप तरी जास्त द्यावे लागतात: मी तेव्हा आयएसओ ४०० आणि १/५० वर होतो. रंग छान मिळतो, तपशील मिळत नाही. कडा पाण्याखाली असल्यासारखी थरथरते. आपल्या अक्षांशावर चंद्र तासाला साधारण चौदा अंश वर चढतो. म्हणून उगवताना एक फोटो आठवणीसाठी काढा, खाली जाऊन उपास सोडा, जेवा, आणि दोन तासांनी परत या. तीस अंशांच्या आसपास आलेला तोच चंद्र वेगळाच दिसतो. वर चढेल तसा शटरचा वेग वाढवत न्यायचा. दहाचं सेटिंग अकराला तसंच ठेवलंत तर पुन्हा टिकली.

थरथरीचं दुसरं कारण आपल्या पायाखाली असतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि एसीचे बाहेरचे युनिट गरम हवा वर फेकतात. अशा युनिटच्या डोक्यावरून फोटो काढू नका, गच्चीचा दुसरा कोपरा धरा. आणि एकच फोटो काढून थांबू नका. वीस-तीस काढा, त्यातल्या दोन-तीन फोटोंच्या क्षणी हवा शांत असते. घरी मोठे करून बाकीचे उडवून टाका.

माझी सर्वांत मोठी फजिती मात्र घरातल्या एसीने केली. चंद्रोदयाची वेळ झाली म्हणून थंड खोलीतला कॅमेरा उचलून धावत गच्चीवर गेलो आणि पंधरा मिनिटं सेटिंगशी झगडत बसलो. चंद्राभोवती प्रभावळ, सगळं दुधट. शटरचा वेग वाढवला, तर चंद्र काळपट आणि तरीही दुधट. शेवटी टॉर्च मारून पाहिलं, तर लेन्सच्या काचेवर दव! बाहेरच्या दमट हवेने थंड काच धुकाळली होती. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरतं. कॅमेरा बॅगेत बंद ठेवूनच अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवावा, म्हणजे तो सावकाश तापतो. फोनचंही तेच; शिवाय फोनच्या काचेवर बोटाचं तेल असतं, तेही अशीच प्रभावळ देतं. एक्स्पोजर बदलून प्रभावळ जात नसेल तर आधी काच बघा, मग ढग बघा.

घरी आल्यावरची दुरुस्ती थोडीच. चौकट कापा, काळा रंग थोडा दाबा म्हणजे शहराच्या दिव्यांनी राखाडी झालेलं आभाळ मिटेल, कॉन्ट्रास्ट किंचित वाढवा. शार्पनिंग वाढवताना चंद्राच्या कडेकडे लक्ष ठेवा. तिथे पांढरी रेघ दिसायला लागली की दोन पावलं मागे या.

इमारतही हवी आणि चंद्रही

हा हट्ट सगळ्यांचा असतो. पूर्ण रात्री एका फोटोत ते जमत नाही. उन्हातला दगड आणि रस्त्याच्या दिव्यातली इमारत ह्यांच्या उजेडात इतकी तफावत असते की एक नीट घेतलं तर दुसरं हातचं जातं. उपाय तिथीत आहे. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताच्या पाऊण-एक तास आधी उगवतो. सूर्य मावळतो तेव्हा तो इमारतींच्या वर आलेला असतो आणि इमारतींवर अजून आभाळाचा निळसर उजेड असतो. एक्स्पोजर तेव्हाही चंद्रासाठीच ठेवायचं. इमारती थोड्या गडद येतात, त्या रॉ फाइलमधून वर काढता येतात. ही सवड वीस-पंचवीस मिनिटांची असते.

जागा ठरवताना दिशा विसरू नका. मरीन ड्राइव्ह किंवा दादरच्या चौपाटीवर संध्याकाळी कॅमेरा लावून बसाल तर समुद्रातून चंद्र कधीच वर येणार नाही, आपला समुद्र पश्चिमेला आहे. उगवता चंद्र पाण्यावर हवा तर गेटवेचा किनारा किंवा खाडीची बाजू. चौपाटीवर पौर्णिमेच्या आसपास पहाटे जायचं. पौर्णिमेच्या दुसऱ्या सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे उगवतो तेव्हा चंद्र अजून समुद्रावर दहा-बारा अंश असतो. तेव्हा कॅमेऱ्याच्या ऑटोवरही टिकली येत नाही, कारण आभाळच उजळलेलं असतं. नंतर पाण्याला टेकण्याआधीच तो बहुतेक वेळा धुरकट हवेत विरून जातो.